हलगेकर बाईंची जर-तरची साखळी

हलगेकर बाई मराठी शिकवायच्या आणि मी गणित. आमच्या दोघींच्या टेबलांमध्ये एकच कपाट, आणि त्या कपाटावरून आमची रोज एक तरी चकमक व्हायची. त्यांचं म्हणणं, गणितात माणसं नसतात. माझं म्हणणं, मराठीत माणसं असतात पण उत्तर नसतं. सीमाभागातल्या आमच्या शहापूरच्या शाळेत आम्ही दोघींनी जवळजवळ सगळी नोकरी एकत्र काढली, आणि भांडणाशिवाय डबा उघडला असा दिवस मला आठवत नाही.

बाईंचं पूर्ण नाव सुनंदा केशव हलगेकर. केशवराव, म्हणजे त्यांचे यजमान, लवकर गेले. मुलगा केयूर तेव्हा शाळेतच होता. बाईंनी त्याला वाढवलं, घर चालवलं आणि वर्गावर कधी त्या दुःखाची सावली पडू दिली नाही. वर्गात त्या वेगळ्याच असायच्या. आवाज बारीक, अंगकाठी बारीक, पण नववीचा टारगट वर्ग त्यांच्यापुढे गोगलगाय. मला मात्र त्याच वर्गापुढे टेबल बडवावं लागायचं, आणि त्याचा मला राग यायचा. आता खोटं कशाला बोलू.

त्यांचा सगळ्यात गाजलेला तास म्हणजे जर-तरचा. आसपासच्या गल्ल्यांतली कितीतरी मोठी झालेली माणसं आजही बाई दिसल्या की "बाई, साखळी!" म्हणून हात जोडतात. हा तास त्या पुस्तकावरून घेत नसत. आधी फळ्यावर दोन वाक्यं लिहायच्या.

जर पाऊस पडला तर पीक येईल.

जर पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.

मग विचारायच्या, "पहिल्या वाक्यातला माणूस काय करतोय?" पोरं म्हणायची, आभाळाकडे बघतोय. "आणि दुसऱ्यातला?" कुणीतरी शेतकऱ्याच्या घरचं पोर म्हणायचं, "बाई, त्यो आता बघत न्हाय. हंगाम गेला." बाई म्हणायच्या, "बरोबर. आशा असेल तर 'पडला तर येईल'. आशा संपली की दोन्ही बाजूंना 'असता'. एकीकडे 'पडला असता' आणि दुसरीकडे 'येईल' असं लिहिलंत, तर तुमचा एक पाय गेल्या वर्षात आणि एक पुढच्या वर्षात. मधेच आपटाल."

हिंदी सिनेमे बघून पोरं हमखास "जर पाऊस पडेल तर" लिहायची. तिथं बाई कपाळाला हात लावायच्या. "अरे, 'पडेल' कशाला? मराठीत जर असला की 'पडला तर'. पडायच्या आधीच आपण पडला धरून चालतो. मराठी माणूस मुळात आशावादी." हे ऐकून मी शेजारच्या वर्गात हसायचे. कारण मराठी माणसाला मी रोज आरशात बघते.

मग साखळी सुरू व्हायची. पहिल्या पोरानं एक वाक्य बोलायचं, आणि त्यातला 'तर'चा तुकडा उचलून पुढच्यानं त्याचा 'जर' करायचा. शहापुरात निम्मी पोरं साड्या विणणाऱ्या मागवाल्यांच्या घरची, तेव्हा साखळी बहुतेक वेळा मागावरूनच निघायची.

"जर काल लाईट गेली नसती तर आमच्या बाबांचा माग चालला असता."

"जर बाबांचा माग चालला असता तर साडी पुरी झाली असती."

"जर साडी पुरी झाली असती तर आई बाजाराला गेली असती."

"जर आई बाजाराला गेली असती तर तिनं चिकन आणलं असतं."

"जर आईनं चिकन आणलं असतं तर आज मी डबा कुणाला दाखवला नसता!"

हशा व्हायचा, आणि हसता हसता माग चालला, साडी झाली, चिकन आणलं, सगळं ज्याच्या त्याच्या लिंगाप्रमाणे बसायचं. मुलगा 'मी गेलो असतो' म्हणायचा, मुलगी 'मी गेले असते'. "आंबा खाल्ला असता, भाकरी खाल्ली असती, आणि जेवलो मात्र मीच असतो," हे बाईंचं वाक्य. शेवटची कडी नेहमी बाईंची. त्या काहीतरी असं बोलून साखळी मिटवायच्या की वर्ग डोक्यावर घ्यायचा.

केयूरचं लग्न झालं ते गोकाकच्या रचनाशी. दोघं उद्यमबागेत एकाच कारखान्याच्या ऑफिसात होते, तिथं जमलं. रचनाच्या घरी कन्नड, मराठीचा गंध नाही. आमच्या काही मंडळींनी नाकं मुरडली. सीमाभागात राहतो ना आपण, आमच्या नाकांना ती सवयच असते. बाईंनी एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली. "सुनेला मराठी शिकवता आली नाही, तर मी आयुष्यभर नुसता फळाच पुसला म्हणायचा."

आणि शिकवलीच तिला. ओट्यापाशी, भाकऱ्या थापता थापता. रचना हुशार पोरगी, भराभर उचलायची. पण जर-तरला तिची गाडी अडायची. कन्नडमध्ये जसं येतं तसंच ती मराठीत आणायची. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "आई, तुम्ही सांगितला असला तर मी भाजी करत होते." बाई पोट धरून हसल्या. "अगं, 'सांगितलं असतं तर केली असती'! 'सांगितला असला तर' म्हणजे, सांगितलंय की नाही ते मलाच ठाऊक नाही!" रचनाही हसली. मग दोघींनी ओट्यापाशीच साखळी लावली. मी चहाला म्हणून गेले होते आणि साखळीत अडकले. त्या दिवशी चहा उतू गेला, आणि 'चहा उतू गेला नसता तर' ही कडी केयूरनं दारातून टाकली. असं ते घर होतं. मला हेवा वाटायचा, सरळ सांगते.

मग आरोही झाली. तिचा पहिला वाढदिवस जवळ आला. आमच्याकडे खपली गव्हाची खीर झाल्याशिवाय काही गोड झालं असं कुणाला वाटत नाही, आणि खपली गहू म्हटलं की निपाणीकडचाच हवा, हा बाईंचा हट्ट. निपाणीला त्यांची थोरली बहीण, आक्काताई. बाई केयूरला म्हणाल्या, "रविवारी जाऊन आक्काकडनं गहू घेऊन ये." तो सकाळी मोटरसायकलवरून गेला. आक्काताईंनी जेवायला घातलं, राहा म्हणाल्या, तो राहायला तयारही झाला होता. दिवेलागणीच्या सुमाराला रचनाचा फोन गेला. आरोहीला ताप होता. "लवकर ये," एवढंच ती म्हणाली. केयूर निघाला. तवंदी घाट चढत होता. रस्त्यात एक बंद पडलेला ट्रक उभा होता, मागचे दिवे नसलेला.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं तेव्हा मी तिथंच होते. अंगण माणसांनी भरलेलं. रचना भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर आरोही. रडतही नव्हती. कुणीतरी आक्काताईंना विचारलं, पोरगा राहणार होता म्हणे, मग निघाला कशाला? आक्काताई म्हणाल्या, "हिचा फोन आला की रं. पोरीला ताप म्हणून."

आणि बाईंनी रचनाकडे बघितलं. बारीक आवाजात, वर्गात बोलायच्या तशा स्पष्ट, त्या म्हणाल्या, "तू फोन केला नसतास, तर माझा केयूर आज जिवंत असता."

मला वाटलं, मी उठून बाईंच्या तोंडावर हात ठेवावा. मी उठले नाही. उठून तरी काय झालं असतं, बाण सुटला होता. रचनानं मान वर केली, बाईंकडे बघितलं, आणि परत खाली घातली. तेरावा झाला आणि तिचा भाऊ येऊन तिला गोकाकला घेऊन गेला. आरोहीला घेऊन ती गेली ती परत आली नाही. बाईंनीही बोलावलं नाही.

त्यानंतर जर-तरचा तास आला की बाई मुलांना गाइडमधले नियम उतरवून घ्यायला लावत. फळ्यावर नियम लिहिले, की वर्गाकडे पाठ फिरवून खिडकीपाशी उभ्या. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. ती शांतता मला शेजारच्या वर्गातून ऐकू यायची आणि माझ्या हातातले खडू तुटायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "बाई, पोरं पाठ करतात आणि परीक्षेत विसरतात. साखळी घ्या की." त्या म्हणाल्या, "माझी साखळी एकाच कडीवर अडते, माधवी. पुढे सरकत नाही." ती कडी मी कानांनी ऐकली होती.

बाई वाईट नव्हत्या हो. पण दुःखाला एक खुंटी लागते, आणि हाताशी रचना होती. आपल्या पोराच्या मरणाचं कारण रस्त्यावरचा ट्रक आहे, हे कुठल्या आईला पुरतं? ट्रकशी भांडता येत नाही. सुनेशी येतं.

यंदाच्या नववीत मष्णू म्हणून एक पोरगा आला. गल्लीतलं नंबर एकचं वाह्यात कार्टं, पण जीभ अशी की वकील व्हावा. त्याच्या थोरल्या भावानं बाईंची साखळी खेळलेली. गाइडमधले नियम फळ्यावर उतरले तसा मष्णू उभा राहिला. "बाई, हे न्हाय. साखळी पायजे. आमचा अण्णा सांगत हुता, लई मजा येतीया म्हणून." सगळा वर्ग मागे लागला. पुढचा तास माझा होता, मी दाराबाहेर उभी होते, तेव्हा जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

बाई म्हणाल्या, "नको रे." मष्णू म्हणाला, "बरं, मग उलटी साखळी. आज परशराम उशिरा आला. त्यो उशिरा का आला, ते मागं मागं जात शोधायचं."

बाईंनी याला नाही म्हटलं नाही म्हणून वर्गानं हो धरलं. परशराम खानापूरकडच्या खेड्यातून बसनं येणारा, साधा पोरगा. तो उभा राहून म्हणाला, "बस चुकली नसती तर मी वेळेवर आलो असतो."

मागच्या बाकावरून, "चप्पल तुटली नसती तर बस चुकली नसती!"

"काल खेळायला गेला नसता तर त्याची चप्पल तुटली नसती!"

"सरांनी कालचा पीटीचा तास सोडला नसता तर तो खेळायला गेला नसता!"

मष्णूनं दाराकडे बघितलं, मला बघितलं, आणि बिनधास्त म्हणाला, "गणिताच्या बाईंनी सरांना चहाला बोलावलं नसतं तर सरांनी तास सोडला नसता!"

वर्ग हशानं फुटला. मी आत जाऊन त्याचा कान धरणार होते. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिला खरंच प्रश्न पडला होता. "मग बाई, परशरामला उशीर झाला तो कुणामुळं?"

कुणी म्हणालं चपलेमुळं, कुणी म्हणालं गणिताच्या बाईंमुळं. ती मुलगी म्हणाली, "तसं न्हाय. हे थांबतंय कुठं? गणिताच्या बाईंना चहा प्यावासा वाटला नसता तर, त्याच्या आधी आणखी कायतरी. कुणीपण कुठंपण थांबवून एकाचं नाव घ्यायचं, असंच हाय की हे." आणि मग वर्गानं नियमाप्रमाणे ओरडायला सुरुवात केली. "बाई, शेवटची कडी! शेवटची कडी तुमची!"

हलगेकर बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की ओरडणारी पोरं एकेक करून गप्प झाली. मग खुर्चीचा आधार घेत बसल्या आणि म्हणाल्या, "आज मला येत नाही रे." मी आत गेले, पोरांना मैदानावर सोडलं.

वर्ग रिकामा झाल्यावर त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "गव्हाला मी पाठवलं होतं."

मी म्हटलं, "ठाऊक आहे."

"सगळ्यांना ठाऊक आहे. आक्काला, तुला, गल्लीला. पण कुणी म्हटलं नाही. मी त्याला गव्हाला पाठवलं नसतं तर तो निपाणीला गेला नसता. रचनाच्या फोनच्या आधीची कडी माझी होती, माधवी. आणि मी तिच्या कडीवर थांबले. मी थांबवली साखळी तिथं, कारण त्याच्या मागं मी होते."

गणितात अशा वेळी काही येत नाही. मी म्हटलं, "बाई, गहू आणायला पाठवणं हा काय गुन्हा आहे?"

"आणि पोरीला ताप आला म्हणून नवऱ्याला फोन करणं?" त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी आम्ही गोकाकला निघालो. मी नको म्हणत होते. मला कळलं होतं की रचनाचं दुसरं लग्न ठरलंय. मुलगा बागलकोटचा, शाळेत मास्तर, बायको वारलेली. लग्न पुढच्या महिन्यात. मी बाईंना हे सांगितलं. मला वाटलं, आता तरी थांबतील. त्या म्हणाल्या, "मग लवकर जायला हवं. ती दुसऱ्याच्या घरात गेल्यावर हे वाक्य घेऊन कुठं जाऊ?" त्यांना रचना परत यायला हवी होती. लग्न ठरलंय हे कळल्यावरही हवी होती. बसमध्ये त्या मला सांगत होत्या, मागची खोली आरोहीला अभ्यासाला देता येईल, उजेड चांगला येतो. मी खिडकीबाहेर उसाकडे बघत बसले. माणसाला मूर्ख म्हणावं असं वाटतं आणि म्हणवत नाही, अशी वेळ फार वाईट.

रचनाच्या भावाचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. दार रचनानंच उघडलं. ती थोडी भरली होती, केस कापलेले. क्षणभर ती बघतच राहिली. मग वाकून बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "बन्नि, अत्ते." या, सासूबाई. बाईंच्या घरात ती त्यांना आई म्हणायची.

आत बसलो. पाणी आलं, चहा आला. आरोही पडद्यामागून बघत होती. चार वर्षांची झालेली, नाक थेट केयूरचं. बाईंनी हात पुढं केला आणि मराठीत म्हटलं, "ये बाळा, ये गं." पोरीनं आईकडे बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, ही काय म्हणते? तिला मराठीतलं 'ये'सुद्धा ठाऊक नव्हतं. बाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो मांडीवर घेतला.

"तू हिच्याशी मराठी बोलत नाहीस?" बाईंनी विचारलं. त्यात ठपका नव्हता, नुसता धक्का होता.

रचना सावकाश, शब्द शोधत, मराठीत आली. "सुरुवातीला बोलायचा प्रयत्न केला. पण मराठी तोंडात घेतली की पहिलं तेच वाक्य येतं. मी फोन केला नसता तर ते जिवंत असते. स्वयंपाक करताना येतं, हिला आंघोळ घालताना येतं. कन्नडमध्ये ते वाक्य मला कुणी म्हटलेलं नाही. म्हणून मी कन्नडमध्येच राहते."

मी चहाचा कप खाली ठेवला.

बाई खुर्चीवरून उठून रचनासमोर, खाली सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, "रचना, मी एक वाक्य सांगायला आलेय. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी केयूरला गव्हाला पाठवलं नसतं, तर तो निपाणीला गेलाच नसता. आक्कानं राहा म्हटलं नसतं तर तो दुपारीच निघाला असता. ट्रकवाल्यानं दिवा लावला असता तर तो वाचला असता. एवढ्या सगळ्यांतून मी तुझं एकटीचं वाक्य उचललं. ते खोटं होतं बाळ. त्यात तुझा काही दोष नव्हता."

"मला ठाऊक होतं," रचना म्हणाली.

"काय?"

"गव्हाला तुम्ही पाठवलं ते. मी ओट्यापाशीच उभी होते की तेव्हा. तुम्ही म्हणालात, आक्काकडनं गहू घेऊन ये." ती बाईंकडे बघत होती, राग नव्हता तिच्या बोलण्यात, त्यामुळे ऐकायला जास्त जड जात होतं. "त्या दिवशी अंगणात मलाही म्हणता आलं असतं. सगळ्यांसमोर. माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तुमच्याकडे बघितलं आणि वाटलं, ह्यांचा मुलगा गेलाय, ह्यांना हे वाक्य दिलं तर ह्या जगणार नाहीत. म्हणून मी ते गिळलं. तुम्ही दिलेलं घेतलं आणि माझं दिलं नाही."

बाई रडायला लागल्या. केयूर गेला तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. रचनानं त्यांचा हात हातात घेतला. मला वाटलं, झालं, आता ही पोरगी विरघळेल. मी मूर्खासारखी मनातल्या मनात मागची खोली झाडून ठेवायला लागले. बसमध्ये बाईंना मूर्ख म्हणायला निघालेली मी.

बाईंनीच विचारलं. "परत येतेस?"

रचनानं मान हलवली. नाही. "लग्न ठरलंय, अत्ते. चांगला माणूस आहे. आरोहीला मुलगी म्हणूनच घेणार आहे. मी शब्द दिलाय." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही या अधूनमधून. ही तुमची नात आहे, ते काय बदलणार नाही."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. हो म्हणाल्या. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. मी बसची वेळ झाली म्हणून पर्स चाचपत होते, तेवढ्यात रचनानं विचारलं, "एक सांगा. ही मोठी झाली की विचारेल, बाबा कसे गेले. हिला काय सांगू?"

बाईंनी पोरीकडे बघितलं. "सांग, घाटात रस्त्यावर ट्रक उभा होता, त्याला धडकून गेले. बाकी काही सांगू नकोस. कुणाचं नाव नको."

रचना हळू आवाजात म्हणाली, "एवढंच तुम्ही त्या दिवशी म्हटलं असतंत ना, आई, तर मी इथं आलेच नसते."

आई म्हणाली ती. आम्ही त्या घरात गेल्यापासून पहिल्यांदा. बाईंनी तिचा हात सोडला नाही, त्यांचे डोळे मात्र पुन्हा वाहायला लागले. ती नसती आली तर काय काय झालं असतं, ते तिघींनाही दिसत होतं. ओटा दिसत होता, चहा उतू जाताना दिसत होता, मागच्या खोलीतला उजेड दिसत होता. आणि दारात बागलकोटहून आलेली लग्नाच्या साड्यांची पिशवी होती.

आरोही पडद्यामागून बाहेर आली. आईच्या खांद्याला लोंबकळली आणि बाईंकडे बोट दाखवून कन्नडमध्ये विचारलं, ही आजी का रडते?

रचनानं तिला जवळ घेतलं. कन्नडमध्येच, अगदी साधेपणानं, तिनं पोरीला सांगितलं, "त्यांचा मुलगा वारला."